भाऊजींचा मोठा माइक

नाच शिकवणाऱ्या बाईंचा निरोप गोड होता, पण खोचक. "वहिनी, तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तबला छान आहे. पेटी कुठे आहे? शनिवारपर्यंत नीट आलं नाही तर मुलींना मोबाइलमधल्या यंत्रावरच नाचवते."

यंत्रावर! वहिनी किती वर्षं त्या वर्गासाठी पेटीवर लेहरा धरत होत्या, म्हणजे एकच सुरावट पुन्हा पुन्हा, डोळे मिटून. एके काळी टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबायची आणि सगळ्या घराने श्वास रोखायचा. तेव्हाही तबल्याला हेच भाऊजी असायचे, नवऱ्याचे धाकटे भाऊ. आता केस पिकले, पण हात अजून दार ठोठावल्यासारखाच.

दोष फोनचा होता, हे वहिनींना ऐकताच कळलं. दोघांच्या मधोमध सतरंजीवर ठेवला होता. डग्ग्यावर हात पडला की फोन बिचकायचा आणि सगळाच आवाज आपणहून खाली ओढायचा. पेटी बुडायची, जरा वर यायची, की पुढची थाप.

म्हणून जावयाकडून दोन माइक आणि छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र आणलं. एक माइक पेटीच्या वर, हातभर अंतरावर, तिरका. भात्याचा वारा लागणार नाही असा, आणि तबल्याकडे पाठ करून. दुसरा तबला-डग्ग्याच्या मधोमध, दोन हात उंच. वहिनींनी भाऊजींना सांगितलं, "आता जितकं जोरात वाजवणार आहात तितकं वाजवा." त्या अंदाजाने आवाजाचं बटण बेताने लावलं, थाप आणखी जोरात पडली तरी फाटू नये म्हणून वर थोडी जागा सोडून.

वहिनी पाणी प्यायला गेल्या आणि परत आल्या, तर माइक डग्ग्यापासून दोन बोटांवर!

"भाऊजी, हे काय?"

"जवळ असल्याशिवाय बोल सुटे कसे येतील? तुम्ही पेटीचं बघा."

सुरू केलं. आवाज फार झाला की लागणारा यंत्रावरचा लाल दिवा विझायचं नाव घेईना. ऐकलं तर प्रत्येक थापेला पत्रा फाटल्यासारखा आवाज.

"मग नंतर हळू करा की," भाऊजी म्हणाले.

"फाटलेलं हळू केलं तर हळू फाटलेलं ऐकू येईल."

"तुमच्या पेटीचंच काही असेल."

तीन वेळा माइक वर गेला, तीन वेळा खाली आला. चौथ्यांदा भाऊजींनी तोंड फुगवलं. "मला माइकच द्यायचा नसेल तर तसं सांगा. मी घरी जातो." आणि ते गेलेही. शुक्रवार होता.

शनिवारी सकाळी वहिनींनी खोलीत कपडे वाळत घालायचा स्टँड उभा केला. त्यावर चादरी, टॉवेल, नवऱ्याचे सदरे. मग कपाटाच्या तळातून जुना स्टेजचा माइक काढला. नारळाएवढं चकचकीत डोकं, आणि कधीचा मुका झालेला. फडक्याने पुसला.

भाऊजी आले, रुसवा अजून नाकावर. "हे काय, धोबीघाट?"

"खोली घुमते ना. कपडे आवाज पितात." हे अगदी खरं होतं. "आणि हा तुमच्यासाठी, खास. हवा तितका जवळ घ्या."

भाऊजी खुलले. नारळ डग्ग्याला जवळजवळ टेकवला. त्याची वायर सतरंजीखाली गेली होती, आणि सतरंजीखालीच संपली होती. खरा माइक दोन सदऱ्यांमधून खाली तबल्याकडे बघत होता, दोन हात उंचावरून.

भाऊजींनी आज जीव ओतला. लाल दिवा एकदाही लागला नाही. पेटी स्वच्छ, तबला स्वच्छ, डग्ग्याचा घुमारासुद्धा पोटातून आल्यासारखा.

रेकॉर्डिंग पाठवलं, आणि सामान आवरायच्या आतच बाईंचा निरोप आला: "वा! यंत्र राहू दे. पुढचा लेहराही तुम्हीच द्या."

"बघा!" भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "मी काय म्हणत होतो? जवळ हवा! तुम्ही मात्र उंच, उंच, उंच."

"चुकलंच माझं," वहिनी म्हणाल्या आणि हसू येऊ नये म्हणून पेटीचा भाता बंद करत बसल्या.

भाऊजी मदतीला म्हणून वायरी गोळा करू लागले. वहिनी "राहू द्या" म्हणेपर्यंत त्यांनी नारळाची वायर धरून ओढलीसुद्धा. सतरंजीखालून तिचं टोक सुळकन बाहेर आलं. कशालाच न जोडलेलं.

भाऊजींनी टोकाकडे पाहिलं. मग स्टँडकडे, सदऱ्यांच्या फटीतून डोकावणाऱ्या माइककडे. वहिनींनी टेपरेकॉर्डरच्या काळासारखा श्वास रोखला.

भाऊजींनी वायर सावकाश कोपरावर गुंडाळली, नारळावर ठेवली आणि उठले.

"वहिनी, पुढच्या वेळी हा अजून जवळ घेऊ," ते म्हणाले. चेहरा दगडासारखा. "आणि सदरे जरा इस्त्रीचे लावा. रेकॉर्डिंगला चुरगळलेले बरे नाही दिसत."