तीस मुलं, सहा ठिकाणं

कोपरीच्या त्या शाळेत चांगदेव सरांनी खेळाचा तास घेता घेता केस पांढरे केले होते. मैदान म्हणजे दोन इमारतींमधली फरसबंद जागा, एका बाजूला पायऱ्या आणि पलीकडे पाडलेल्या चाळीच्या जागी उठणारा टॉवर. सामानाच्या खोलीत दोन फुटबॉल आणि फाटकी मॅट. त्यामुळे सरांचा तास ठरलेला असे. मुलं रांगेत उभी राहायची, एकेकाने पळून यायचं आणि बाकीच्यांनी आपला नंबर येईपर्यंत एकमेकांना चिमटे काढायचे.

जानेवारीत बी.पी.एड. कॉलेजातून वर्षाली नाखवा सरावाचे पाठ घ्यायला आली. चेंदणी कोळीवाड्यातली पोरगी, चालणं झपझप, बोलणं त्याहून झपझप. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, मला आठवी अ द्या. सर्किट घेते. तीसच्या तीस पोरं एकाच वेळी घामाघूम."

"सामान कुठेय, अगं?" सर हसले.

"खडू आहे ना?"

दुसऱ्या दिवशी ती घरून जाळ्याची जुनी नायलॉनची दोरी घेऊन आली. उड्या मारायला पुरतील अशा लांबीचे पाच तुकडे केले आणि टोकांना गाठी मारल्या. मुलांना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणायला सांगून त्यांत टॉवरवाल्यांकडची वाळू भरली. मग खडूने मैदानावर सहा मोठे आकडे काढले. एकवर दोरीउड्या, दोनवर पुश-अप्स, तीनवर दोन रेघांमधली पळापळ, चारवर प्लँक म्हणजे कोपरांवर अंग ताठ धरणं, पाचवर पायरीची चढउतार, सहावर बाटल्या डोक्यावर उचलणं. प्रत्येक ठिकाणी पाच जण. अर्धा मिनिट काम, अर्धा मिनिट दम खाऊन पुढच्या आकड्यावर.

सर आकड्यांमधून फिरले आणि त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पायांच्या कामानंतर हात, मग पुन्हा पाय, मग पोट. एकाच अवयवावर लागोपाठ ताण नाही. पळायची जागा तर तिने मुद्दाम कडेला ठेवलेली, म्हणजे पळणारे कुणाच्या अंगावर जाणार नाहीत.

"हे पुस्तकात असतं का?" त्यांनी विचारलं.

"थोडं पुस्तकात, थोडं मैदान बघून," ती म्हणाली.

आणि एवढं सगळं नेटकं असूनही पहिला तास पार कोसळला.

वार्म-अप छान झाला. प्रत्येक ठिकाण तिने करून दाखवलं. मग शिट्टी वाजवली आणि मुलं भिडली. पण मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात सातवीचा खो-खो चालू होता, तिथेही शिट्टी. ती वाजली की आठवीतले अर्धे पुढे सरकायचे, अर्धे जागेवरच. सिद्धेश तीनवरून चारवर जाताना तिथे आडव्याच असलेल्यांच्या हातांवर पाय देता देता राहिला. त्या गोंधळात निशा एकटी दोरीउड्या मारत राहिली, पाठमोरी. मागून आलेल्या मुलाला तिची दोरी सटकन गालावर बसली.

निशाला कमी ऐकू यायचं. कानाचं मशीन खेळाच्या तासाला काढून ठेवावं लागे, पडून फुटू नये म्हणून. आजवर ती पायरीवर बसून सगळ्यांचे डबे सांभाळायची.

तास संपल्यावर सर म्हणाले, "वर्षाली, परवा तुझ्या कॉलेजच्या मॅडम पाठ बघायला येणार. निशाला बसव पायरीवर. उगाच काही लागलं तर तुझे मार्क जातील."

वर्षाली दोरी गुंडाळत होती. थांबून म्हणाली, "सर, आज चुकली ती निशा नाही. बाकीच्यांना ऐकू येत होतं तरी कुठे कळलं? माझी शिट्टीच चुकली."

घरी जाईपर्यंत ते वाक्य सरांच्या डोक्यातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती लाल कापड काठीला बांधून आली आणि रिकाम्या मैदानात पायऱ्यांच्या वर उभी राहिली. निशाण वर, म्हणजे थांबा. गोल फिरवलं, म्हणजे पुढच्या आकड्यावर. खाली आणलं, म्हणजे सुरू. सरांना तिने सहाही ठिकाणी उभं करून विचारलं, "दिसतंय?" दोरीवाल्यांची तोंडं तिने पायऱ्यांकडे वळवली. पळायच्या रेघा पुसून अशा आखल्या की परत येताना निशाण समोरच दिसावं.

दोन नंबरवर सर गुडघे टेकून ओणवे झाले. "इथून मला फक्त फरशी दिसतेय."

"हां," वर्षाली खाली बसली. "दोन आणि चार. तिथे मान खाली असते."

मग तिने खिशातला रुमाल काढून सरांच्या मनगटाला बांधला. "दोनवर आणि चारवर ज्याच्या हाताला रुमाल, त्याने आडवं व्हायचं नाही. जागेवर गुडघे उचलत पळायचं, नजर निशाणावर. निशाण वर गेलं की चौघांच्या खांद्यावर थाप. पुढच्या वेळी रुमाल दुसऱ्याला."

"म्हणजे रिकामं कोणीच नाही," सर म्हणाले.

"कोणीच नाही!"

इतकी वर्षं मैदानावर काढलेल्या माणसाला त्या साध्या रुमालाचं एवढं कौतुक वाटलं की तो मनगटावर तसाच ठेवून ते स्टाफरूममध्ये चहाला गेले.

पाठाच्या दिवशी कॉलेजच्या मॅडम खुर्ची घेऊन कडेला बसल्या. वर्षालीने आधी मुलांना नुसतं चालवत सहाही ठिकाणं फिरवली, फक्त निशाणावर. कुठे वळायचं, रुमाल कधी द्यायचा, सगळं न पळता. ज्यांना जमिनीवर पुश-अप्स जड जातील त्यांनी पायरीवर हात टेकून करायचे, हेही दाखवलं. मग निशाण खाली आलं.

पहिली फेरी निम्मी झाली असेल, तेवढ्यात पलीकडे टॉवरवर ड्रिल मशीन सुरू झालं. फरशी थरथरायला लागली. खो-खोवाले सर गाल फुगवून शिट्टी वाजवत होते, पण कोणाला काही कळेना. शेवटी त्यांनी हात झटकले आणि पोरांना खाली बसवलं. मॅडमनी कानांवर हात ठेवले.

वर्षालीने निशाण वर केलं.

दोऱ्या थांबल्या, बाटल्या खाली आल्या. दोनवर रुमालवाल्या उत्तमने चौघांच्या खांद्यांवर भराभर थापा मारल्या. चारवर रुमाल निशाच्या हाताला होता. तिने निशाण सगळ्यांच्या आधी पाहिलं होतं, कारण तिची नजर दुसरीकडे कुठे जातच नव्हती. थाप बसताच चौघं उठले. निशाण गोल फिरलं आणि तीस मुलं त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात एक शब्द न बोलता एकाच दिशेने सरकली. निशाण खाली. पुन्हा सगळे कामाला.

चांगदेव सर भिंतीला टेकून बघत होते. या फरशीवर अशी शिस्त त्यांनी कवायतीतही पाहिली नव्हती, आणि इथे तर कोणी ओरडतसुद्धा नव्हतं. निशाचा चेहरा लालबुंद झालेला, वेणी सुटलेली. पायरी चढता-उतरता ती सिद्धेशला खुणावत होती की अरे, पूर्ण पाऊल टेक.

दुसरी फेरी संपली, मुलांनी हळूहळू चालत श्वास शांत केला, हातपाय ताणले. ड्रिल थांबलं तेव्हा मॅडम उठून म्हणाल्या, "तो रुमाल कोणाची कल्पना?"

वर्षाली म्हणाली, "सर ओणवे झाले, त्यांना निशाण दिसेना. तिथून सुचलं."

श्रेय असं वाटून देणंही सरांना नवीन होतं.

मॅडम गेल्यावर मुलं नळाकडे पळाली. सर मैदानाच्या मधोमध येऊन खडूचे आकडे बघत उभे राहिले.

"वर्षाली, उद्या माझ्याकडे नववी ब आहे. बेचाळीस जण. काय करू?"

तिने क्षणभर हिशेब केला. "सात ठिकाणं, सहा-सहा जण. पण सातवं काय ठेवायचं? पाठीचं काही नाहीये आपल्याकडे."

"पालथं पडून छाती आणि हात उचलायचे," सर म्हणाले. "मॅटही नको, घरून जुनी चादर आणायला सांगू. मात्र तिथेही मान खाली."

"म्हणजे तिसरं रुमालाचं ठिकाण."

"खडू दे इकडे," सर म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून पळायच्या रेघांपासून लांब सातवा आकडा काढायला वाकले.