चौदा टक्के, पंधरा टक्के

धाराशिवच्या कॉलेजात डेटा सायन्सला असलेल्या क्षमा आणि रोहिणी एकाच खोलीत राहत. पुण्याच्या प्रकल्पाला जायचं तर चाचणीत पन्नासपैकी तीस गुण हवे होते. दुपारी उत्तरसूची लागली. रोहिणीला काठावर तीस, क्षमाला एकोणतीस.

सतराव्या प्रश्नाशी क्षमा थबकली. सोयाबीनच्या पानांवरचा रोग ओळखणारं मॉडेल. प्रशिक्षणाच्या फोटोंवर चूक चौदा टक्के, चाचणीच्या फोटोंवर पंधरा. तसेच फोटो पाहून जाणकार माणूस चुकतो एक टक्का. मॉडेलचा मुख्य दोष कोणता? पर्याय चार. सूचीत उत्तर होतं: ओव्हरफिटिंग, म्हणजे मॉडेलनं शिकवलेले फोटो नुसते पाठ केलेत, व्हेरियन्स जास्त.

"हे चूक आहे," क्षमा म्हणाली.

"चाचणीची चूक जास्त, म्हंजे ओव्हरफिटिंग. सगळ्या वर्गानं तेच लिवलंय बाई."

"एका टक्क्यानं जास्त. पाठ करणारं मॉडेल पाठ केलेल्या फोटोंवर तरी चुकलं नसतं. याला शिकवलेलंच येत न्हाय. बायस जास्त आहे. मी तेच लिहिलंय."

रोहिणीनं आकडे पुन्हा पाहिले. चौदातून एक, तेरा. पंधरातून चौदा, एक. तिला कळलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मग माझे एकोणतीस होतील," ती म्हणाली. मग हसली. "गप बस ना. सूची सरांनी काढलीय, तू कशाला शहाणपणा करतीस?"

हरकतीची मुदत पाचपर्यंत होती. क्षमा जिन्यात बसून राहिली. गप्प राहिलं तर रोहिणी जाणार, बोललं तर आपण. दोघी जातील असं उत्तर चार पर्यायांत नव्हतं. पावणेपाचला ती उठली.

सूची काढणाऱ्या उत्तरेश्वर सरांनी तिचा हरकतीचा कागद वाचला आणि कपाळावर हात मारला.

"मी नुसतं कोणता आकडा मोठा ते बघितलं गं. फरक किती, ते बघितलंच न्हाय. बरं, अशा मॉडेलला नुसते आणखी फोटो दिले तर?"

"फारसा फरक पडणार नाही, सर. मॉडेलच जास्त सक्षम करावं लागेल."

"शाब्बास. बाकी कुणाच्या लक्षात आलं न्हाय?"

"एकीच्या आलं होतं," क्षमा म्हणाली.

सहाला नवी यादी लागली. क्षमा तीस, रोहिणी एकोणतीस. एका प्रश्नानं वर्गातली आणखी चारजणं तिसाच्या खाली घसरली होती. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'मॅडमचं अभिनंदन', आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

खोलीत रोहिणी पिशवी भरत होती. तिला गावाकडची, येरमाळ्याची बस धरायची होती.

"रोहिणी, उत्तर..."

"बरोबर हाय तुझं. म्या कुठं न्हाय म्हणले?" तिनं चप्पल पायात सरकवली. "तू मला सांगून तरी जायचं होतंस."

ती गेल्यावर क्षमानं घरी फोन लावला.

"पास झालीस व्हय?" मथुराबाईंनी विचारलं.

"झाले, आई."

"मग आवाज असा का? रोहिणी हाय ना संगं? तिला दे, तिलाबी साखर खा म्हणते."

"ती बाहेर गेलीय," क्षमा म्हणाली आणि दार लावून घेतलं.