खोकल्याची गोळी

गोळी तोंडात टाकल्यावर थोड्याच वेळात त्याच्या छातीत धडधडायला लागलं, आणि त्याने शेजारच्या बाईंकडे पाहिलं. त्या त्याच्याकडेच बघत होत्या.

तो रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होता. बस सुटल्यापासून तो खोकत होता, तेव्हा या बाईंनी आपणहून पाकीट पुढे केलं होतं. "घे रे बाळा, घशाला बरं वाटेल." नाही म्हणायचा संकोच वाटला म्हणून त्याने घेतली. आता वाटत होतं, अनोळखी माणसाला आपल्या घशाची एवढी काळजी का? त्यांनीही एक खाल्ली होती खरी, पण त्याच पाकिटातली होती का? शिवाय एवढ्यात त्यांनी आपली पर्स गुपचूप दुसऱ्या बाजूला सरकवली होती. कशाला?

बोटांना मुंग्या आल्या. ओठ बधिर झाले. बसचं छप्पर खाली आल्यासारखं वाटलं आणि समोरच्या सीटचा पाठभाग उगाचच लांब गेला. नक्कीच काहीतरी घातलंय, त्याला वाटलं.

मागच्या वेळी ताईकडे निघाला होता, तेव्हाही असंच झालं होतं. तेव्हा कोणी काही खायला दिलं नव्हतं. तो अर्ध्या वाटेत बस थांबवून उतरला होता, आणि बाबा गाडी घेऊन न्यायला आले होते. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं आणि सगळं ठणठणीत असल्याचं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. मग कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडे गेला, तर त्यांच्यावरही बसला नाही.

"ही लाट असते," त्या म्हणाल्या होत्या. "चढते, माथ्यावर येते, ओसरते. तू दर वेळी माथ्यावरच पळ काढतोस. मग मेंदूला वाटतं, पळालो म्हणून वाचलो."

"आणि नाही ओसरली तर?"

"शरीराला फार वेळ घाबरून राहणं झेपतच नाही. एकदा बसून बघ."

सांगायला काय जातंय, असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं.

आता तो उठला. कंडक्टर पुढे दाराशी उभा होता. "थांबवा" हा शब्द अगदी जिभेवर आला होता. पण उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण धापा टाकतोय, पळून आल्यासारख्या. आणि पळालो तर नाहीच. एवढ्या जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मग मुंग्या येणार, डोकं हलकं होणार. हे त्याने पेपरात लिहिलं होतं, तेव्हा गुणही मिळाले होते. गोळीचा संशय अजून होताच, पण त्याच्या शेजारी आता दुसराही एक संशय येऊन बसला.

तो खाली बसला.

बोटं सवयीने मनगटाकडे गेली, नाडी बघायला. त्याने हात मांडीवर ठेवला. नाडी मोजली की भीतीला आणखी चेव यायचा, हे त्याला माहीत होतं. श्वास नाकाने हळू आत घेतला आणि त्याहून सावकाश, गरम चहावर फुंकर घालावी तसा, बाहेर सोडला. खांदे कानाला टेकले होते, ते खाली सोडले. मग समुपदेशक बाईंचं सगळ्यात विचित्र वाटलेलं वाक्य त्याने करून बघितलं. भीतीला थांब म्हणू नकोस, ये म्हण.

ये, तो मनात म्हणाला. काय करतेस बघू.

ती आली. छाती आवळली, तळवे ओले झाले. आता बेशुद्ध पडणार, असं वाटलं. पडला नाही. आता ओरडणार, असं वाटलं. ओरडला नाही. जे होतंय त्याला तो नुसतं नाव देत राहिला: हे धडधडणं, हा घाम, ही भीती. बराच वेळ काहीच बदललं नाही, आणि समुपदेशक बाईंनी आपल्याला थाप मारली अशी त्याची खात्री झाली. मग केव्हातरी बाहेर एक मोठं गोदाम मागे गेलं आणि त्यावरचा पुसट रंग त्याला दिसला. तेवढा वेळ तो छातीकडे बघायचं विसरला होता.

मुंग्या ओसरल्या. मान घामाने भिजली होती, हातपाय पिळून काढल्यासारखे झाले होते.

"काकू, तुम्ही मघापासून माझ्याकडे का बघताय?" त्याने शेवटी विचारलंच.

"तुझ्याकडे? खिडकीकडे बघतेय! लांब बघितलं नाही तर मला मळमळतं." मग जरा ओशाळून त्या म्हणाल्या, "खरं सांगू? मधे बघितलंही तुझ्याकडे. घामाघूम काय होतोस, दाराकडे काय बघतोस. म्हटलं, हा पर्स घेऊन उडी मारतो की काय!"

तो एवढा हसला की पुन्हा खोकला लागला. त्यांनी पाकीट पुढे केलं. हात जरासा अडखळला, पण त्याने गोळी घेतली.

पुढे घाटात छाती एकदा पुन्हा धडधडली, मघापेक्षा कमी. त्याने ती लाट येऊ दिली.

ताई स्टँडवर उभी होती. ती त्याच्या मागे बघत राहिली. "बाबांनी गाडी कुठे लावली?"

"बसने आलो."

"सगळा रस्ता?" तिने डोळे बारीक केले. "खरं बोल."

"खरंच. भूक लागलीय, घरी चल."