संध्याकाळचे फोन

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरनं ट्रे माझ्या टेबलावर आदळला नाही, ठेवला. आदळला असता तर बरं झालं असतं, मलाही दोन शब्द ऐकवता आले असते. ती एवढंच म्हणाली, "आत पट्टी नाही. पेशंट टेबलावर होता. दुसरा सेट येईपर्यंत सगळे हात वर धरून उभे होते." आणि निघून गेली.

आमचा विभाग हॉस्पिटलच्या तळघरात आहे. वरून वापरलेली हत्यारं येतात, ती एका बाजूला धुतली जातात, दुसऱ्या बाजूला तपासून, मोजून, कापडात बांधली जातात आणि मग वाफेच्या यंत्रात जातात. प्रत्येक गाठोड्याच्या आत कागदाची एक पट्टी ठेवायची असते. वाफ आतपर्यंत पोचली की तिचा रंग बदलतो. पट्टी नसेल तर आतलं शुद्ध झालं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तसला ट्रे कुठलीही शहाणी सिस्टर वापरत नाही. कुणाला इजा झाली नव्हती. पण ते आमच्या हुशारीनं नव्हे, त्या सिस्टरच्या.

ट्रे आमच्या विभागातल्या टाचणीनं बांधला होता. टाचणी हे नाव मीच ठेवलेलं. अंगानं तशीच, आणि कैचीच्या पात्यावरचा केसाएवढा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटायचा नाही. मी नाकावर माशी बसू देत नाही असं सगळे म्हणतात, पण तिचं काम मी कधी उघडून बघितलं नव्हतं. तिचा नवरा घर सोडून गेला तोपर्यंत.

त्यानं भांडण नाही, तंटा नाही, कपाटातली आपली बाजू रिकामी केली आणि दुसऱ्या गावी बदली घेतली. हे तिनं मला फोनवर सांगितलं. त्या रात्री ती खूप रडली. मी म्हटलं, वाटेल तेव्हा फोन कर. मग रोज संध्याकाळी फोन यायला लागला. झोप लागत नाही, गॅसवर ठेवलेलं विसरते, कुणी नुसतं "कशी आहेस" विचारलं तरी डोळे भरतात. मी ऐकायची. तिची कामाची पाळी संपली की तिचे ट्रे यंत्रात जाण्याआधी गुपचूप उघडून बघायची. पट्टी राहिली असेल तर घालायची, पुन्हा बांधायची. दोनदा असं झालं होतं. या वेळी मला भांडारात बोलावणं आलं आणि बघायचं राहून गेलं. पांघरूण घालत बसलं की असंच होतं.

मेट्रनबाईंनी मला बसवून घेतलं. त्या माझ्याहून वयानं लहान आहेत, त्यामुळे त्यांचं ऐकताना मला जरा जास्तच त्रास होतो.

"ही घटना नोंदवावी लागेल," त्या म्हणाल्या. "आणि तिच्याशी बोलायचं तुम्हीच. आधीच बोलायला हवं होतं."

"मी रोज बोलते तिच्याशी."

"तिच्या दुःखाबद्दल. कामाबद्दल कधी बोललात?"

कामाबद्दल बोलले असते तर ती दुखावली असती, आणि संध्याकाळी फोन आला नसता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता माझ्या संध्याकाळींबद्दल सांगते. मी लग्न केलं नाही. मी आणि धाकटी बहीण एकत्र राहायचो, एकमेकींच्या चहावरून भांडायचो, आणि म्हातारपणही असंच जाणार असं मी धरून चालले होते. तर धाकट्या बाईसाहेबांनी पन्नाशीत लग्न केलं. मी लग्नात तोंड पाडून बसले आणि नंतर फोनही कमी केले. घरी गेल्यावर मी दिवा लावते, आणि मग दिवा लावण्याखेरीज काही करायचं उरत नाही. टाचणीचा फोन आला की मी भाजी चिरता चिरता बोलायची. कुणाला तरी आपण हवे आहोत, एवढं पुरत होतं मला.

माझ्या केबिनला काच आहे, म्हणून मी तिला कापडाच्या खोलीत नेलं. घडी केलेल्या चादरींमध्ये दोन स्टुलं ठेवली, दार लावलं आणि बाहेर मामांना सांगितलं की कुणाला आत सोडू नका. मामा म्हणजे धुण्याच्या बाजूचे आमचे सगळ्यात जुने कर्मचारी. त्यांनी काही विचारलं नाही. सगळ्या विभागाला सगळं ठाऊक होतं, मीच एकटी ते झाकत होते.

"आज एक ट्रे परत आला," मी म्हटलं. "पट्टी नव्हती. याआधी दोनदा मी तुझ्या ट्रेमध्ये स्वतः घातली होती. तुला सांगितलं नाही, ती माझी चूक."

तिचा चेहरा पांढरा पडला. "पेशंटला काही..."

"काही नाही. सिस्टरनं बघितलं. तुला रागवायला बोलावलं नाही. पण हे असं चालणार नाही, हेही खरं आहे. तुझं काय चाललंय ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

ती बराच वेळ चादरीची कड सरळ करत राहिली. मग म्हणाली, "बाई, ट्रे भरताना मी समोर बघते आणि काही दिसतच नाही. हात चालतात. पट्टी घातली की नाही हे आठवत नाही, आणि उघडून बघायला भीती वाटते."

"घरी?"

"घरी काय. पडून राहते."

मेट्रनबाईंनी सांगितलं होतं, आडवळणानं विचारू नका. मी विचारलं, "मरावंसं वाटतं का तुला? जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. कुणीतरी एकदाचं विचारलं, असं काहीसं त्या बघण्यात होतं.

"तसं काही करायचं नाही ठरवलं. पण सकाळी जाग आली नाही तर बरं, असं वाटतं. रोजच वाटतं."

रोज फोनवर बोलत होतो आम्ही, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

"मग आत्ता आपल्या हॉस्पिटलच्या समुपदेशकाकडे जायचं," मी म्हटलं. "उद्या नाही. मी वेळ घेऊन ठेवलीय. तिथे जे बोलशील ते त्यांच्यापाशीच राहील, माझ्यापर्यंतही येणार नाही. डॉक्टरांकडे जा म्हणाले तर जायचं, रजा लागली तर ती मी बघते. आणि आज रात्री तू एकटी राहायचं नाहीस. कोण येईल?"

"ताईला सांगितलंच नाहीये मी काही."

"आता सांग. माझ्यासमोर लाव फोन."

तिनं लावला. पलीकडून तिची बहीण आधी ओरडली, मग रडली, मग म्हणाली, निघतेच. सख्खी बहीण अशीच असते म्हणे.

मग कामाचं. हे बोलताना मी आवाज मुद्दाम तसाच ठेवला, मऊ केला नाही. "सध्या ट्रे बांधायचे नाहीत. कापडाच्या घड्या आणि वरून आलेलं मोजून घेणं, एवढंच. पगार तोच. परत ट्रेवर आलीस की पहिले काही दिवस दुसरं माणूस तपासेल, सगळ्यांसमोर, चोरून नाही. दोन आठवड्यांनी आपण पुन्हा बसू. इतरांना मी इतकंच सांगेन की काही दिवस तुझं काम बदललंय. आणि आजचं घडलं ते नोंदवलं जाईल. त्यात माझंही नाव आहे."

"काढून टाकतील मला?"

"बरी होण्यासाठी काही करत असलीस तर मी तुझ्यासाठी भांडेन. काही न करता अशीच येत राहिलीस तर मला तुला इथे ठेवता येणार नाही. वर माणसं टेबलावर असतात."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं होतं. तिचं स्वतःचं मनही तिला हेच सांगत असणार.

शेवटचं राहिलं होतं, तिथे माझं घोडं अडलं. "आणि संध्याकाळचे फोन बंद करू या," मी एकदाचं म्हटलं. "मी तुझी इन्चार्ज आहे. मला यातलं काही कळत नाही, आणि मी ऐकत राहिले म्हणून तू योग्य माणसाकडे गेली नाहीस. रात्री जीव घाबरला तर ताईला उठव, नाहीतर सरळ इथल्या तातडीच्या विभागात ये. माझ्या फोनवर थांबू नकोस."

ती दुखावेल, असं मला वाटलं होतं. तिनं सुस्कारा टाकला. खांदे खाली आले तिचे.

"खरं सांगू, बाई? रागावू नका. कितीदा तर जेवून नुसतं पडावंसं वाटायचं. बोलायचं त्राण नसायचं. पण म्हटलं, तुम्ही वाट बघत असाल. तुम्ही एकदा म्हणाला होतात ना, बहीण लग्न करून गेल्यापासून घरी बोलायला कुणी नसतं. म्हणून करायचे."

मला चादरींच्या ढिगात तोंड लपवावंसं वाटलं. ही पोरगी सकाळी जाग येऊ नये म्हणत होती, आणि संध्याकाळी उठून माझी सोबत करत होती. आधी राग आला, तिचा, मग माझ्या बहिणीचा. मग कुणावर काढायचा तेच कळेना. शरम वाटली, खूप वाटली.

"यापुढे नको," एवढंच म्हटलं. मी तिच्याबरोबर समुपदेशकांच्या दारापर्यंत गेले. त्या बाईंनी तिला आत घेतलं आणि दार लावलं. मी थोडा वेळ तिथल्या बाकावर बसले. माझं तिथे काही काम नव्हतं, मग उठले.

डॉक्टरांनी तिला औषध दिलं, मध्ये रजा झाली, तिची बहीण राहायला आली. दोन आठवड्यांची बैठक पुढे ढकलावी लागली, पण झाली. त्यानंतर हळूहळू ती ट्रेवर परतली. मामा तपासायचे आणि पट्टी दिसली की "आहे!" असं उगाच मोठ्यानं ओरडायचे. एकदा ती हसली. नंतर तपासणं बंद केलं आम्ही.

शेवटच्या बैठकीला ती त्याच स्टुलावर बसली. झोप येते म्हणाली, अजून अवघड दिवस असतात म्हणाली, समुपदेशकांकडे जाणं चालू ठेवणार म्हणाली. मी म्हटलं, छान. ती उठली, दारापाशी घुटमळली.

"बाई, एक विचारू? तुमच्याशी बोलायला आहे का कुणी आता?"

तिच्या डोळ्यांत काळजी होती, आणि ती कुठवर जाईल हे मला दिसत होतं. मी खरं ते सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी तिचा फोन आला असता. तो यावा असं मला किती वाटत होतं, ते मलाच ठाऊक.

"आहे की," मी म्हटलं. "बहीण रोज करते फोन. डोकं उठवते नुसतं."

"मग बरंय," ती म्हणाली. खरंच बरं वाटलं तिला. दार उघडं टाकून ती कामावर गेली, आणि माझ्याबद्दल तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.