पानशेतचे सगळे मॅनेजर

सोनिया, खूप खूप आशीर्वाद.

भोरच्या दवाखान्यातल्या बिलिंगच्या नोकरीचा राजीनामा सोमवारी देतेस आणि पानशेतला धनाजीरावांच्या रिसॉर्टवर मॅनेजर होतेस, असं तू कळवलंस. मॅनेजरपद, राहायला खोली, पी.एफ. असं सगळं कबूल झालंय म्हणे. शाळेतही तू उत्तर आधी लिहायचीस आणि गणित नंतर वाचायचीस. म्हणून म्हटलं, आपणच बघून यावं.

वेल्ह्यापर्यंत एसटी आणि पुढे टेम्पो, असा पोचलो. तुझं नाव काढलं नाही. चहा सांगितला आणि विचारलं, "हितले मॅनेजर कोण?"

"म्याच की," आचारी गोरख म्हणाला. "दिवाळीपास्नं."

अंगण झाडणाऱ्या रतनबाई थांबल्या. "आन् मंग मला काय सांगितलंय मालकांनी?"

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. चहा उतू गेला.

सहा महिन्यांपूर्वीपर्यंत खुर्चीवर एक खरा मॅनेजर बसायचा, असं कळलं. तो आता पुण्यात आहे. त्याची मूळ गुणपत्रकं मात्र अजून इथल्या कपाटात आहेत, 'सुरक्षित राहावीत' म्हणून. खोली पाहिली. तिथे गाद्या राहतात. माणसं मोजली, आठ भरली. वीस असल्याशिवाय पी.एफ.ची सक्ती नसते, मालकाने आपणहून भरला तर भरला.

तेवढ्यात धनाजीराव आले. माणूस वाईट नाही, हे लिहायलाच हवं. बोलताना त्यांना सगळं खरंच वाटत असतं आणि ऐकणाऱ्यालाही वाटायला लागतं. म्हणूनच तुझी काळजी वाटते. मोबाईलवर त्यांनी न बांधलेला पोहण्याचा तलाव दाखवला. पाणी निळंशार होतं.

तेव्हा त्यांच्यासमोर जाऊ नकोस. लांबूनच माग. नेमणूकपत्र, त्यात पद, पगार, रुजू व्हायची तारीख आणि खाली सही-शिक्का. पी.एफ.चा आस्थापना क्रमांक विचार. गुणपत्रकांच्या झेरॉक्स दे, मूळ प्रती कुणालाही नाही. आधीच्या मॅनेजरशी फोनवर बोल. हे सगळं हातात येईपर्यंत राजीनामा पर्समध्ये राहू दे. तुझ्या घरी दुसरं कमावणारं कुणी नाही. तुझी भोरची नोकरी गेली तर मला झोप लागणार नाही.

समोर का जायचं नाही, तेही सांगतो. निघताना धनाजीराव माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "सर, तुमच्यासारखी माणसं पायजेत. तुमी आमचे सल्लागार. बोर्डावर नाव टाकतो." मी नेमणुकीचे कागद तपासण्यात हयात घालवलेला मुख्याध्यापक. मी त्यांना नाव कसं लिहायचं ते सांगितलं. आद्याक्षरांसकट.

वेल्हे येईपर्यंत मी सल्लागार होतो. मग लक्षात आलं, सल्ला कशाचा, किती दिवस, हे विचारलंच नाही. काल त्यांचा फोन आला, बोर्ड रंगवायला टाकलाय म्हणाले. मला अजून नाही म्हणता आलेलं नाही.

तुझा,
आनंद राजोपाध्ये