केसाएवढी फट

माझा दादा इंधनाच्या सळ्या भरतो आणि मी त्या तापवते. आई-बाबा गेल्यावर त्याने वेल्डिंग धरलं, मला शिकवलं, इंजिनियर केलं आणि शेवटी आपल्याच आवारातल्या अणुभट्टीवर आणून सोडलं. सगळे म्हणतात, पोरीने नशीब काढलं. त्या दुपारी ते नशीब माझ्या गळ्याशी आलं.

चाचणीतली सळी होती आमच्या सरांची. करंगळीच्या पेराहून लहान युरेनियमच्या गोळ्या, उष्णता लवकर बाहेर सोडणाऱ्या. बावीस वर्षं सर त्या गोळीमागे लागले होते आणि दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. गोळीच्या मधोमध भोक पाडून आम्ही तापमान मोजणारं थर्मोकपल बसवलं होतं. अर्ध्या शक्तीवर त्याने हजार अंशांच्या आसपास दाखवायला हवं होतं. दाखवत होतं पंधराशे.

"थर्मोकपल खोटं बोलतंय," सर म्हणाले. मी नाही म्हटलं. सकाळी भट्टी बंद असताना तेच थर्मोकपल भोवतालच्या, दाबाखाली तापवलेल्या पाण्याइतकंच दाखवत होतं, दोनशे नव्वद. उष्णता तयारच होत नसेल तर मध्यापासून पाण्यापर्यंत सगळं एकाच तापमानाला असतं. काटा सरळ होता, दुखणं सळीच्या पोटात होतं.

उष्णता गोळीच्या मध्यातून निघते आणि प्रत्येक थराला आपला वाटा देत पाण्यापर्यंत येते. बाहेरचं धातूचं कवच वीस-पंचवीस अंश घेतं. कवचावरून पाण्यात उतरताना तेवढेच आणखी जातात. ही दोन्ही गरीब बिचारी, त्यांच्यावर कसला संशय. उरली खुद्द गोळी आणि गोळी-कवचामधली केसाएवढी फट. फटीत हेलियम भरतात, कारण वायूंमध्ये तो उष्णता चांगली नेतो. जास्तीचे चारपाचशे अंश एक तर गोळी खात होती, नाहीतर ती फट. गोळी असेल तर सरांची बावीस वर्षं पाण्यात. फट असेल तर सळी भरणारा संपला.

भरणारा म्हणजे दादा. डोळे अधू झाल्यापासून त्याच्या दोन चुका झाल्या होत्या. तिसरी झाली की घरी बसायचं, असं त्याला सांगून झालं होतं.

छडा लावायचा एकच मार्ग होता, भट्टी झटक्यात बंद करायची. गोळी नुसती मध्यभागीच तापली असेल तर ती लवकर निवते, सातेक सेकंदांत बराचसा उतार. फट अडवत असेल तर अख्खी गोळी काठापर्यंत तापलेली असते, उष्णता कोंडलेली राहते आणि उतार नऊच्या पुढे जातो. पण एकदा बंद केली की आमची भट्टी दीड दिवस उठत नाही, आणि परवापासून दुसऱ्यांची पाळी. सरांनी होकारार्थी मान हलवली. "तूच बघ. माझ्याने बघवणार नाही. तू म्हणशील ते खरं." आणि ते बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले.

सात असू दे, सात असू दे, असं मी मनात घोकत होते. ज्या माणसाने मला भट्टीवरचं सगळं शिकवलं त्याची गोळी खोटी ठरावी म्हणून. लाज वाटत होती, तरी घोकत होते.

नऊच्या जरा वर आलं. नोंदीवरून पुन्हा मोजलं. तेच.

मी वर्कशॉपला फोन लावला. "दादा, सरांच्या सळीत काय भरलंस?"

 तो म्हणाला, "हेलियम संपत आला होता गं. नवा सिलिंडर यायला उशीर होता, वरून तगादा. कमी पडला तेवढा दाब आर्गॉनने पुरा केला. काटा तर बरोबर दाखवत होता."

"काट्याला दाब कळतो दादा, वायू कळत नाही. आर्गॉन म्हणजे गोधडी, उष्णता बाहेर सोडत नाही. किती सळ्या?"

"ही धरून सहा."

उरलेल्या पाच सोमवारी, दुसऱ्यांच्या पाळीत, पूर्ण शक्तीवर जायच्या होत्या. तिथे मधला गाभा वितळला असता, कवच फाटलं असतं, आणि त्या सळ्यांजवळ वावरणारी माणसं आमचीच होती.

"बारके," दादा म्हणाला, "गोळीवर जाऊ दे ना. म्हातारा तसाही जातोच आहे. त्या पाच मी काहीतरी खोट काढून परत मागवतो. मला या वयात कोण ठेवणार?"

आयुष्यात त्याने माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी "दादा" म्हटलं आणि फोन खाली ठेवला.

व्हरांड्यात सर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. वर न बघताच म्हणाले, "गोळीच ना?"

हो म्हणायला काय लागत होतं. एक अक्षर. जन्मभर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता.

"नाही सर. गोळी चांगली आहे. फटीत आर्गॉन आहे. माझ्या दादाने भरलाय. आणखी पाच सळ्या तशाच आहेत."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले. आनंदाने. मला त्यांचा इतका राग आला की तिथून पळून जावंसं वाटलं.

"पोरी, तू मला वाचवलंस," ते म्हणाले.

"हो, तुम्हाला," मी म्हटलं, आणि त्या पाच सळ्या थांबवायला आत फोनकडे गेले.