डोकं वाळेपर्यंत

उघडं.

भुजंग ओट्यावर बसला आहे. डोक्यावर पटका नाही. पटका दोरीवर आहे, केस ओले आहेत, आणि ते वाळेपर्यंत तो उठणार नाही.

राणीसावरगावच्या त्या गल्लीत पिकल्या मिशीचा माणूस उघड्या डोक्यानं ओट्यावर बसला, की त्याच्या घरातलं कोणीतरी गेलेलं असतं. लोक येतात, न बोलता शेजारी बसतात, जातात. पहिल्या दिवशी दोघं येऊन बसलेही. भुजंगनं त्यांना सांगितलं, कोणी गेलं नाही, डोकं वाळवतोय. ते उठले, पण पटकन नाही. फसवल्यासारखे उठले.

समोरच्या ओट्यावर धाकटा भाऊ तात्याराव. मधे हातभर उंचीची भिंत. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद पडलेलं. तात्यारावनं भावाचं उघडं डोकं पाहिलं, थुंकला, आत गेला. थोड्या वेळानं त्याची बायको लक्ष्मीबाई भिंतीपाशी आली आणि मालकांनी विचारलंय म्हणून विचारून गेली, की भाऊजी कोणाच्या नावानं बसलेत.

झाकलेलं.

याआधी चाळीसेक वर्षं डोकं झाकलेलंच होतं. पहाटे विहिरीवर अंघोळ, टाळूवर ओंजळभर खोबरेल, ओल्या केसांवरच पटका. घट्ट. तोच पीळ, तीच जागा, कानामागून कपाळावर. दिवस मावळल्यावर सुटायचा, तोही जेवण झाल्यावर. पटका आठवडी बाजाराच्या दिवशी धुतला जायचा.

धुरपताबाई तो धुवायची. भाताच्या पेजेची खळ घालायची, दाट. नवऱ्याचा पटका पुठ्ठ्यासारखा उभा राहतो याचा तिला अभिमान होता. गल्लीत तसा दुसरा नव्हता.

मग खाज. मग कानामागं पुळ्या. मग पिळाच्या रेषेवर, जिथं कापड दिवसभर घासतं तिथं, पिवळट खपल्या आणि पू. भुजंग पटक्याच्या आत आगपेटीची काडी घालून खाजवायचा. एकदा काडीला रक्त लागून आलं.

गंगाखेडच्या कातडीच्या डॉक्टरनं पटका काढायला लावला आणि वास आल्यावर खिडकी उघडली. तो काय म्हणाला ते भुजंगनं घरी येऊन सांगितलं, सांगताना बायकोकडं बघितलं नाही. घाम, तेल आणि ओल आत कोंडून सगळं कुजतंय. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू, लावून पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. जखमा भरेपर्यंत तेल बंद. केस पूर्ण वाळल्याशिवाय काही बांधायचं नाही. बांधायचं ते मऊ, सैल, रोज धुतलेलं, उन्हात वाळवलेलं. पिळाची जागा बदलत राहायची. घरी असताना डोकं मोकळं.

आणि खळ नाही.

धुरपताबाईनं पेजेचं पातेलं त्याच्यासमोर मोरीत ओतलं. चाळीस वर्षं माझ्याच हातानं तुमचं डोस्कं कुजवलं म्हणा की, एवढंच बोलली. त्यानंतर ती पटका साध्या पाण्यात धुऊ लागली आणि नवऱ्याशी कामापुरतं बोलू लागली.

उघडं.

पुळ्या बसत होत्या. खपल्या सुटत होत्या. भुजंग कानामागं बोट लावून बघायचा, बोट कोरडं यायचं. इतकं साधं सुख त्याला बऱ्याच दिवसांत कशाचं झालं नव्हतं.

तेव्हा तात्याराव भिंत ओलांडून आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. बसला नाही.

त्याच्या मुलीला, शिवकन्येला, बघायला गुरुवारी चुडाव्याचे पाहुणे येणार होते.

"त्या दिशी डोस्कं झाकून बस," तात्याराव म्हणाला. दादा म्हणाला नाही.

"वाळलं तर बांधीन."

"आन् न्हाई वाळलं तर?"

"तर वाळंपर्यंत बशीन. माझं डोस्कं, माझा ओटा."

"पाव्हणे दारात पाय ठिवतेत आन् समोर तू सुतक धरल्यावानी. पोरीचं वाटूळं करायलायस तू. विहिरीचा राग तिच्यावर काढू नको."

भुजंगला पुतणी आवडायची. त्यानं पाहुणे कधी येणार एवढं विचारलं. दुपारी, असं उत्तर मिळालं. दुपारपर्यंत तीनदा वाळेल, तो म्हणाला, आणि पाठ केली.

गुरुवार.

गुरुवार शाम्पूचा. तो चुकवायचा नाही असं डॉक्टरनं बजावलेलं. भुजंगनं सकाळीच डोकं धुतलं. मऊ पटका दोरीवरून काढून, घडी करून मांडीवर ठेवला. ऊन ओट्यावर यायचं होतं.

पाहुणे सकाळीच आले. दुपारचं ऊन टाळायला लवकर निघाले होते.

गल्लीच्या तोंडाशी जीप थांबल्याचा आवाज आला. तात्याराव बाहेर आला, त्यानं समोर पाहिलं. पांढरे केस मानेवर चिकटलेले, त्यातून पाणी ठिबकतंय. भुजंग जीपकडं बघत होता. त्याचा हात घडीवर होता. त्यानं बांधला असता का? पुढं धुरपताबाईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, सैल बांधला असता, दारातून पाहुणे आत जाईपर्यंत. पण ते खरं का, हे कळायचं राहिलं, कारण

तात्यारावनं भिंत ओलांडली, स्वतःच्या डोक्यावरचा पटका उपसला आणि बांधलेला तसाच भावाच्या ओल्या डोक्यावर दाबला. दोन्ही हातांनी. टोपलं दाबावं तसा.

खळीचा कडक काठ कानामागच्या नव्या कातडीत शिरला. भुजंगनं भावाची मनगटं धरली. दोघं म्हातारे ओट्यावर तसेच, एकमेकांना धरून, आणि कानाखालून लाल रेघ पांढऱ्या कापडात पसरत चाललेली.

बजरंगराव, मुलाचे चुलते, सगळ्यांच्या पुढं होते. ते थबकले.

त्यांनी भुजंगकडं पाहिलं नाही. भुजंगच्या डोक्यावर पटका होता. त्यांनी तात्यारावकडं पाहिलं. मुलीचा बाप, पाहुणे दारात, आणि डोकं उघडं. कपाळापासून कानामागं काळपट पट्टा गेलेला, त्यावर खपल्या, पुळ्या. नखांचे ओरखडे.

बजरंगरावांनी पायातली चप्पल काढता काढता परत घातली. आवाज खाली आणून विचारलं, "कोन गेलं?"

तात्यारावचा हात डोक्याकडं गेला. तिथं काही नव्हतं. मागं दारात शिवकन्या उभी होती. हळदी रंगाची साडी, हातात पाण्याचा तांब्या.

सगळे भुजंगकडं बघू लागले. घरातला थोरला तोच.

त्याला कळत होतं, आता नुसती मान खाली घातली तरी पुरे आहे. जीप वळेल. विहिरीची तीन वर्षं वसूल होतील.

"कोनी गेलं न्हाई," तो म्हणाला. "डॉक्टरनं डोस्कं वाळवायला सांगितलंय. आमी दोघं भाऊ डोस्कं वाळवायलाव. या, बसा."

त्यानं तात्यारावचा पटका काढला आणि ओट्याच्या कडेला ठेवला. मग उघड्या डोक्यानं, कानामागून रक्त वाहत असताना, पाहुण्यांना हात जोडले.

बजरंगरावांनी चप्पल काढली.

वाळलेलं.

सोयरीक जमली. सुपारी फुटली तेव्हा भुजंगला बोलावणं आलं नाही. त्याची अपेक्षाही नव्हती.

गुरुवारी तात्यारावचा पटका रात्रभर ओट्याच्या कडेला पडून होता. सकाळी भुजंगनं तो काठीनं उचलला आणि भिंतीपलीकडं टाकला. हातानं नाही. दुसऱ्याचा पटका वापरायचा नाही असंही डॉक्टरनं सांगितलं होतं.

आता तात्याराव पटका आणखी खाली बांधतो, भुवयांपर्यंत. पट्टा दिसू नये म्हणून. अंघोळ झाली की ओल्यावरच. ओट्यावर बसून तो आगपेटीची काडी आत घालतो, आणि समोरून भुजंग ते बघत, केसांतून बोटं फिरवत, ऊन खात बसतो.

एकदा लक्ष्मीबाई भिंतीपाशी आली. भाऊजींना गुण कशानं आला, धुरपताबाईला तिनं विचारलं. ह्यांना झोप न्हाई रात्रीची. आवाजात जरा रडं होतं.

धुरपताबाई मऊ पटका दोरीवर पसरत होती. तिनं चारी टोकं ओढून सुरकुत्या काढल्या. ओट्यावर भुजंगची बोटं केसांत थांबली. औषधाचं नाव त्याला तोंडपाठ होतं. बोटं पुन्हा फिरू लागली.

"खळ," धुरपताबाई म्हणाली. "जरा दाट घालत जा."